बिलाचे दफ्तर आणि नवा संगणक

भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावी बियाणे, खते आणि कीटकनाशके यांची विक्री करणाऱ्या एखाद्या कृषी सेवा केंद्राचे मालक आठ-दहा वर्षे राबलेला संगणक बाजूला सारून नवा आणतात, तेव्हा त्यांच्यापुढे एक कोडे हटकून उभे राहते. जुन्या संगणकातील पत्रे, छायाचित्रे, कंपन्यांची दरपत्रके आणि बँकेचे खातेउतारे पेन ड्राइव्हवर घालून नव्या संगणकात नेले की तेथे ते विनातक्रार उघडतात. परंतु ज्याच्याकरिता मुळात दुकानात संगणक आला ते बिलाचे सॉफ्टवेअर मात्र, त्याचे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे नकलून आणले तरी, एक तर उघडतच नाही, उघडले तर परवाना मागते, आणि परवाना मिळाला तरी बिलावर मराठी नावांच्या जागी अनाकलनीय चिन्हांची रांग उमटवते. नवा संगणक जुन्याहून सर्व बाबतींत सरस असताना जुन्याचे एवढे साधे काम त्याला का जमू नये?

या प्रश्नाचे उत्तर कळले म्हणजे त्यावरचा उपायही समजण्यास सोपा जातो. बिलाचे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष संगणकावर न बसवता संगणकाच्या आत निर्माण केलेल्या एका आभासी यंत्रात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, बसवावे, असा तो उपाय आहे. मोठ्या कार्यालयांत तो सरसहा वापरला जातो; लहान दुकानदाराला त्याची खबर सहसा नसते, इतकेच.

सॉफ्टवेअर नेमके कोठे राहते?

आपली समजूत अशी असते की बिलाचे सॉफ्टवेअर त्याच्या फोल्डरमध्ये राहते. वस्तुस्थिती अशी की त्या फोल्डरमध्ये त्याचा केवळ एक भाग असतो, आणि उरलेले भाग बसवण्याच्या वेळीच संगणकात ठिकठिकाणी विखुरले गेलेले असतात. काही साहाय्यक फाइली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये गेलेल्या असतात. काही नोंदी रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती नोंदवहीत, जिच्यात विंडोज आपल्या सर्व कार्यक्रमांचा तपशील ठेवते, केलेल्या असतात. मालाच्या आणि ग्राहकांच्या याद्या जिच्यात साठवल्या जातात ती माहितीकोशाची यंत्रणा पुष्कळदा स्वतंत्रपणे बसवलेली असते. आणि श्री-लिपीसारखे जुन्या पद्धतीचे मराठी टंक विंडोजच्या टंकसंग्रहात असतात. छपाईयंत्र चालवणारा छोटा कार्यक्रम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तोही विंडोजच्या ताब्यात असतो, आणि जुन्या डॉट मॅट्रिक्स यंत्राचा जो ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये सुरळीत चालत होता, तो विंडोज ११ मध्ये चालेलच याची शाश्वती नसते.

याहून अवघड बाब परवान्याची. नकला करून कोणी फुकट वापरू नये म्हणून अनेक सॉफ्टवेअर बसवताना त्या संगणकाची ओळख टिपून ठेवतात: मदरबोर्डचा क्रमांक, डिस्कचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा क्रमांक. पुढे प्रत्येक वेळी उघडताना ही ओळख ताडून पाहिली जाते. नव्या संगणकात यांपैकी एकही क्रमांक जुळत नाही, आणि म्हणून सॉफ्टवेअर स्वतःला परक्या ठिकाणी आलेले समजून अडून बसते.

थोडक्यात, जुन्या वाड्यांत भिंतीतच कोरलेली फडताळे असत, तशी ही व्यवस्था आहे. फडताळातील वह्या उचलून नेता येतात. पण कोणता कप्पा कशाला, कोणती कडी कोठे, ही मांडणी भिंतीतच राहते, आणि वाडा सोडला की ती सोडावी लागते. याउलट तेच दफ्तर कप्पे, कुलूप आणि वह्या यांसह एका संदुकीत लावलेले असेल, तर वाडा कोणताही असो, संदूक उचलून तेथे ठेवली की मुनीमजींचा हात नेमका त्याच कप्प्याकडे जातो. आभासी यंत्र ही अशी संदूक होय.

संगणकाच्या आत संगणक

आता ही संदूक कशी घडते ते पाहू. आपल्या संगणकावर एक व्यवस्थापक कार्यक्रम बसवला जातो. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन आणि विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळणारे हायपर-व्ही ही त्याची परिचित नावे. हा कार्यक्रम संगणकाच्या स्मृतीचा म्हणजे रॅमचा एक हिस्सा बाजूला काढतो आणि डिस्कवर एक मोठी फाइल तयार करतो. मग त्या हिश्शात तो दुसरी विंडोज सुरू करतो आणि तिला असे भासवतो की ही फाइल म्हणजेच तुझी संपूर्ण डिस्क, एवढीच तुझी रॅम, हे तुझे नेटवर्क कार्ड आणि हा तुझा पडदा. आतील विंडोजला आपण एका फाइलीत राहतो याची जाणीव नसते. ती खऱ्या संगणकावर वागते तशीच वागते, आणि तिच्यावर बसवलेले बिलाचे सॉफ्टवेअरही तसेच.

हे सर्व भासवताना काम मंदावत कसे नाही, असा प्रश्न कोणालाही पडावा. आतील विंडोजच्या बहुतांश आज्ञा, म्हणजे बेरजा, तुलना आणि शोध, खरा प्रोसेसर थेटच पार पाडतो, त्यात कोणी मध्यस्थ नसतो. आतील विंडोज जेव्हा डिस्क, नेटवर्क किंवा असाच एखादा बाहेरचा भाग हाताळू पाहते, तेवढ्याच क्षणी प्रोसेसर थांबून सूत्रे व्यवस्थापक कार्यक्रमाकडे सोपवतो. तो कार्यक्रम डिस्कवर लिहिण्याची आज्ञा फाइलीत लिहिण्याच्या आज्ञेत बदलून ती पुरी करतो आणि काम पुन्हा आतील विंडोजकडे देतो. कल्पना जुनी आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या महाकाय संगणकांसाठी ती प्रथम राबवली आणि १९७२ मध्ये ती व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांना दिली. घरगुती आणि दुकानी संगणकांच्या प्रोसेसरांमध्ये मात्र या कामासाठीची खास सोय इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आणली. त्यानंतरच ही गोष्ट सामान्य दुकानाच्या टेबलावर सुखाने नांदू लागली.

स्थलांतर सोपे का होते

या रचनेतील आपल्या कामाचे मर्म असे आहे की आतील विंडोजला दिसणारी यंत्रसामग्री ही बाहेरच्या खऱ्या यंत्रसामग्रीची प्रतिमा नसते. बाहेरच्या संगणकात नेटवर्क कार्ड कोणत्याही कंपनीचे असो, व्हर्च्युअलबॉक्स आतल्या विंडोजला साधारणतः इंटेलचे एक ठरावीक जुने कार्डच दाखवते. डिस्कचा क्रमांक, मदरबोर्डची ओळख आणि नेटवर्क कार्डाचा क्रमांक हे सर्व आभासी यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत लिहिलेले असतात. त्यामुळे बाहेरचा संगणक बदलला तरी आतील विंडोजला आपण हललो आहोत याचा बहुधा पत्ताच लागत नाही: ड्रायव्हर तेच, टंक तेच, रजिस्ट्री तीच, आणि परवान्यासाठी ताडून पाहिले जाणारे बहुतेक क्रमांकही तेच.

म्हणजे ज्या संचाला आपण 'दुकानाचा संगणक' म्हणतो, तो आता एका फोल्डरमधील दोन मुख्य फाइलींत मावतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यांपैकी एक `.vdi` या शेपटाची असते, जी आभासी डिस्क होय. दुसरी `.vbox` या शेपटाची छोटी फाइल, जिच्यात आभासी यंत्राचे वर्णन आणि त्याचे ओळखक्रमांक लिहिलेले असतात. नवा संगणक आणणे म्हणजे हे फोल्डर नव्या ठिकाणी नेणे, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

उदाहरण: एका कृषी सेवा केंद्राचे

भातकुलीचा परिसर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. जमिनीखालचे पाणी खारे असल्यामुळे विहिरीच्या भरवशावर ओलीत करणे येथे दुरापास्त. सारी भिस्त पावसावर. साहजिकच कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या बियाण्यांची आणि त्यांच्या खतांची विक्री मृगाच्या आगेमागे काही मोजक्या आठवड्यांत एकवटते, आणि त्या दिवसांत संगणक बंद पडणे म्हणजे वर्षाच्या धंद्याच्या ऐन मोक्यावर दफ्तर बंद पडणे होय. प्रत्येक बियाण्याच्या पुड्याचा लॉट क्रमांक आणि प्रत्येक कीटकनाशकाचा बॅच क्रमांक व मुदत बिलावर यावी लागते, म्हणून हाताने बिले फाडून वेळ मारून नेणेही सोपे नसते.

अशा एका दुकानाचे उदाहरण घेऊ. समजा, जुना संगणक विंडोज ७ वर चालतो, ज्या प्रणालीचे पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. नवा संगणक विंडोज ११ चा, १६ जीबी रॅमचा आणि एसएसडी या वेगवान डिस्कचा आहे.

पहिल्यांदा संदूक भरावी लागते, आणि हे काम सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाच्या उपस्थितीत केलेले बरे. नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात एक आभासी यंत्र तयार करावे. त्याला ४ जीबी रॅम, दोन प्रोसेसर आणि ६० जीबीची डिस्क द्यावी. डिस्क 'वाढती' ठेवावी, म्हणजे ६० जीबी ही केवळ मर्यादा राहते आणि फाइल प्रत्यक्षात भरेल तेवढीच जागा घेते. विंडोज आणि बिलाचे सॉफ्टवेअर मिळून ती साधारणतः तीसेक जीबीच्या आसपास राहते. मग त्या आभासी यंत्रात विंडोज बसवावी. नव्या संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या संगणकापुरताच असतो, म्हणून आतील विंडोजसाठी स्वतंत्र विकत घेतलेला परवाना लागतो. हा खर्च टाळता येत नाही. त्यानंतर आतील विंडोजमध्ये बिलाचे सॉफ्टवेअर, टंक आणि छपाईयंत्राचा ड्रायव्हर बसवून जुन्या संगणकावर घेतलेली माहितीची शेवटची प्रत सॉफ्टवेअरच्याच `Restore` या सोयीने परत भरावी. परवाना कंपनीच्या सर्व्हरवर नोंदला जात असेल, तर जुन्या संगणकावरून तो आधी परत करावा आणि मगच आत नव्याने सुरू करावा.

छपाईयंत्र यूएसबी तारेने जोडलेले असेल, तर आभासी यंत्राच्या `Devices` या मेन्यूतून ते आतील विंडोजच्या हवाली करता येते. त्यानंतर ते बाहेरच्या विंडोजला दिसत नाही, आणि हे योग्यच आहे, कारण जुना ड्रायव्हर आत आहे. बारकोड वाचणारे यंत्र संगणकाच्या दृष्टीने कळफलकच असल्यामुळे त्याला निराळी व्यवस्था लागत नाही. आभासी यंत्राची खिडकी समोर असली की अक्षरे तिच्यातच उमटतात. अनुदानित खताच्या विक्रीसाठी शासनाने दिलेले पॉस यंत्र मात्र या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर राहते. आधार पडताळणी आणि त्या विक्रीची नोंद पूर्वीप्रमाणे त्याच यंत्रावर होते.

एवढे श्रम पहिल्या खेपेस पडतात. त्यांचे मोल पुढील खेपेस कळते. काही वर्षांनी हा संगणकही जुना झाला की आतील विंडोज नेहमीप्रमाणे `Shut down` करून पूर्ण बंद करावी. नुसती थांबवून ठेवलेली अवस्था चालत नाही, कारण तिच्यात जुन्या प्रोसेसरचे तपशील अडकलेले असतात आणि निराळ्या प्रोसेसरवर ती उघडण्यास नकार देते. मग संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावे. तीस जीबीचे फोल्डर, सेकंदाला १०० एमबी या वेगाने, सुमारे पाच मिनिटांत जाते. जुन्या यूएसबी २ च्या जोडणीवर सेकंदाला ३० एमबी धरल्यास सतरा मिनिटे लागतात. नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स बसवून फोल्डर तेथे ठेवावे आणि `Machine` या मेन्यूतील `Add` दाबून `.vbox` फाइल दाखवावी. यंत्र सुरू होते, आणि पडद्यावर कालचेच दुकान उघडते.

येथे एक बारीक भेद ध्यानात ठेवावा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये `Export Appliance` नावाची एक सोय आहे, जी सर्व काही एका `.ova` फाइलीत बांधून देते. ती निराळ्या कामांसाठी उत्तम. पण दुसऱ्या टोकाला ती फाइल उघडताना यंत्राला नवी ओळख दिली जाते, आणि ओळखीवर परवाना अवलंबून असेल तर तो पुन्हा अडतो. फोल्डर नकलून `Add` केल्यास ओळख जशीच्या तशी राहते, म्हणून दुकानदाराने हाच मार्ग धरावा.

कोठे अडते आणि ते कसे ओळखावे

पहिली अडचण यंत्र सुरू होण्यापूर्वीच येते. काही संगणकांत प्रोसेसरची आभासी यंत्रासाठीची सोय बंद करून ठेवलेली असते. बाहेरच्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये `Performance` या पानावर प्रोसेसरच्या तपशिलात `Virtualization: Enabled` असे शब्द दिसले तर चिंता नाही. `Disabled` दिसले तर संगणक सुरू होतानाच्या बायोस मांडणीतून ती सोय चालू करून घ्यावी लागते. ती चालू असूनही आतील विंडोज अतिशय मंद चालत असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळपट्टीकडे पाहावे. तेथे कासवाचे छोटे चित्र दिसत असल्यास विंडोज ११ च्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेने ती सोय आधी आपल्याकडे घेतली आहे असे समजावे. जाणकाराला एवढी खूण सांगितली तरी पुरते.

दुसरी अडचण नक्कल करताना येते. पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो. याचे कारण पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल ठेवता येत नाही. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने आखून घेतली की अडथळा दूर होतो. मात्र आखताना तिच्यातील आधीचे सर्व पुसले जाते, ही खूणगाठ बांधून ठेवावी.

तिसरी अडचण दिनांकाची, आणि दुकानासाठी तीच सर्वांत धोक्याची. आतील विंडोज बंद न करता नुसती थांबवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू केली, तर तिचे घड्याळ आदल्या दिवसावरच अडकलेले असू शकते, आणि मग आजची बिले कालच्या तारखेने निघतात. व्हर्च्युअलबॉक्सबरोबर मिळणारा `Guest Additions` हा संच आत बसवला म्हणजे घड्याळ बाहेरच्या संगणकाशी जुळवून घेतले जाते. तरीही दररोजच्या पहिल्या बिलावरील तारीख डोळ्यांखालून घालण्याची सवय लावून घ्यावी.

चौथी चूक यंत्राची नसून माणसाची असते. फोल्डर नव्या संगणकावर गेल्यावर जुन्या संगणकावरील यंत्र कोणीतरी सवयीने उघडतो आणि त्यावर दोन बिले करतो. इकडे नव्यावरही बिले होतात. आता एकाच क्रमांकाची दोन निराळी बिले अस्तित्वात आली. जीएसटीच्या नियमांनुसार एका आर्थिक वर्षात बिलाचा क्रमांक सलग असावा आणि त्याची पुनरावृत्ती होऊ नये. त्यामुळे असा घोळ निस्तरताना हिशेबनीसाचे दिवसच्या दिवस जातात. म्हणून नव्या संगणकावर शेवटच्या बिलाचा क्रमांक, मालाचा शिल्लक साठा आणि एखाद-दुसऱ्या ग्राहकाची उधारी ताडून पाहिली की जुन्या संगणकावरील यंत्र व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतून लगेच काढून टाकावे.

नक्कल, प्रत आणि मर्यादा

आभासी यंत्र स्थलांतर सोपे करते. ते माहितीचे रक्षण आपोआप करत नाही. `.vdi` फाइल ज्या डिस्कवर आहे ती डिस्क जळाली तर संदुकीसह दफ्तर गेले. म्हणून दोन प्रकारच्या प्रती ठेवाव्या लागतात: दररोज संध्याकाळी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सोयीने माहितीची छोटी प्रत, आणि आठवड्यातून एकदा, आतील विंडोज बंद करून, संपूर्ण फोल्डरची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. दोन्ही प्रती संगणकापासून अलग, शक्य तर घरी ठेवाव्या.

यांचा उपयोग कसा होतो हे पाहण्यासाठी समजा की जूनमधील एका शुक्रवारी दुपारी विजेच्या कडकडाटात दुकानाच्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. रविवारी केलेली फोल्डरची नक्कल घरी आहे आणि गुरुवारी संध्याकाळची माहितीची प्रत पेन ड्राइव्हवर आहे. पुरेशा रॅमचा कोणताही संगणक आणून त्यावर रविवारचे यंत्र उघडले, त्यात गुरुवारची माहिती भरली, की हरवतात ती फक्त शुक्रवारच्या सकाळची बिले, आणि ती कार्बन प्रतींवरून पुन्हा चढवता येतात. सॉफ्टवेअर नव्याने बसवण्यासाठी अमरावतीहून कोणी येण्याची वाट पाहावी लागत नाही.

व्हर्च्युअलबॉक्समधील स्नॅपशॉट या सोयीविषयी येथेच सांगणे अगत्याचे आहे. तिच्यामुळे यंत्राची या क्षणाची अवस्था जपली जाते आणि नंतर तिच्याकडे परतता येते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी असा स्नॅपशॉट घेणे शहाणपणाचे, कारण नव्या आवृत्तीत बिलाचा नमुना बिघडला तर क्षणात मागे जाता येते. परंतु मागे जाताना दरम्यानची सर्व बिलेही नाहीशी होतात. आणि स्नॅपशॉट मूळ फाइलीवरच अवलंबून असल्यामुळे ती फाइल गेली की स्नॅपशॉटही जातो. म्हणून तो काही तासांपुरता वापरावा, त्याला प्रत समजू नये.

मर्यादा आणखी तीन आहेत. आतील विंडोजला प्रोसेसर मात्र खराच दिसतो, त्यामुळे जे सॉफ्टवेअर परवान्यासाठी प्रोसेसरची ओळख टिपते, ते नव्या संगणकावर पुन्हा परवाना मागेलच. इंटेल किंवा एएमडी पद्धतीच्या प्रोसेसरवर तयार केलेले यंत्र एआरएम पद्धतीच्या लॅपटॉपवर चालत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी हे विचारून घ्यावे. आणि ज्या विंडोजचे पाठबळ संपले आहे तीत सुरक्षेच्या सुधारणा येत नाहीत. विंडोज १० चे नियमित पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशी जुनी विंडोज आत चालवणे भाग पडले, तर आभासी यंत्राच्या नेटवर्क मांडणीतील `Cable Connected` ही खूण काढून तिला इंटरनेटपासून तोडून ठेवावे, आणि जीएसटीचे संकेतस्थळ, बँक, ईमेल हे सर्व बाहेरच्या अद्ययावत विंडोजवरून हाताळावे. विवरणपत्राची फाइल आतून बाहेर आणण्यासाठी `Shared Folders` ही सोय पुरेशी आहे.

> थोडक्यात
>
> - बिलाचे सॉफ्टवेअर एका फोल्डरमध्ये नसते. ते विंडोजभर विखुरलेले आणि यंत्राच्या क्रमांकांशी बांधलेले असते.
> - आभासी यंत्रात विंडोज, सॉफ्टवेअर, टंक आणि ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये राहतात, आणि दिसणारी यंत्रसामग्री कायम तीच राहते.
> - हलवताना: पूर्ण `Shut down`, फोल्डरची नक्कल, नव्या संगणकावर `Add`, शेवटचे बिल आणि साठा यांची ताडणी, आणि जुने यंत्र यादीतून बाद.
> - रोज माहितीची प्रत, आठवड्याला फोल्डरची नक्कल. स्नॅपशॉट म्हणजे प्रत नव्हे.
> - आतील विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा.

कोणी करावे आणि केव्हा

ज्याचे सॉफ्टवेअर सर्वस्वी इंटरनेटवर चालते, त्याला या व्यवस्थेची गरज नाही. त्याचे दफ्तर मुळातच त्याच्या संगणकात नसते. ज्याचे सॉफ्टवेअर संगणकावर बसवलेले आहे, त्याने मात्र एका हिशेबाकडे पाहावे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे १ एप्रिल २०२३ चे पहिले बिल ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखवता आले पाहिजे. पावणेआठ वर्षांच्या या काळात दुकानाचा संगणक एकदा तरी बदलणार, हे गृहीतच धरले पाहिजे.

हे काम मृगाच्या तोंडावर काढू नये. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो, एप्रिलपासून बिलांची नवी क्रममालिका सुरू करता येते, आणि खरिपाची गर्दी अजून दूर असते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आभासी यंत्र उभारावे, मे महिनाभर त्यावर रोजचा व्यवहार चालवून पाहावा, आणि जुना संगणक तोवर मोडीत काढू नये. मेच्या अखेरीस एकदा बाहेरच्या डिस्कवरील नक्कल दुसऱ्याच एखाद्या संगणकावर उघडून, इंटरनेट बंद ठेवून आणि एकही बिल न करता, ती चालते याची खात्री करून घ्यावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्या भरवशावर खरीप हंगामात उतरू नये.